प्रगतिपुस्तकातली दुसरी ओळ

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "बाई, छत्तीस वर्षांच्या शिक्षकी पेशातले अनुभव लिहा." छत्तीस वर्षांचे अनुभव लिहायला बसले तर दिवाळी अंक होळीला निघेल. शिवाय माझी पहिली नेमणूक कुठे, बदल्या किती, आदर्श शिक्षिकेचा पुरस्कार हुकला कसा, यात कुणाला गोडी असणार? तेव्हा ते सगळं बाजूला ठेवते. मी शेऱ्यांबद्दल सांगणार आहे. शिक्षकाच्या कामातला हा सगळ्यात लहान भाग आहे आणि माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक त्यातच झाली. ती चूक मला निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी कळली, तीही एका टॅबवर.

आधी शेरा म्हणजे काय ते सांगते. सत्र संपलं की वर्गशिक्षकाला प्रगतिपुस्तकं भरावी लागतात. एका वर्गात साठ मुलं, म्हणजे साठ पुस्तकं. विषयवार गुण, हजेरीचे दिवस, उंची, वजन आणि सगळ्यात शेवटी एक रिकामी ओळ, शिक्षकाचा अभिप्राय. इथे शिक्षक काय लिहितात ते तुम्ही स्वतःच्या पुस्तकात पाहिलं असेलच. 'प्रगती समाधानकारक.' 'अभ्यास वाढवावा.' 'अक्षर सुधारावे.' साठ वेळा तेच ते लिहून हात दुखतो आणि मनही विटतं. मग हेडमास्तरांची सही, शाळेचा शिक्का, पुस्तक पोराच्या हाती घरी. पालकाने सही करायची, सही येत नसेल तर अंगठा द्यायचा, आणि पुस्तक परत शाळेत आणायचं; वर्ष संपलं की ते कायमचं पोराकडे.

माझी शाळा जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडच्या एका गावात होती. सातवीपर्यंतची, जिल्हा परिषदेची. मला तरुणपणापासून कवितेचं वेड. छापायला कुणी घेईना, म्हणून मी शेरेच कवितेत लिहायला लागले. दोन ओळी, यमक जुळलेलं. माझं अक्षर चांगलं, बोरूने वळण लावलेलं, त्यामुळे ते पानावर शोभूनही दिसायचं. पुस्तकं वाटायच्या दिवशी एकेकाला उभं करून मी त्याचा शेरा चालीवर वाचून दाखवत असे. वर्ग हसून लोटपोट व्हायचा. रामकिशन नावाच्या एका बडबड्या पोराला मी लिहिलं होतं:

तोंड चाले टुरूटुरू, पेन्सिल मात्र मंद,
उलटे झाले जर हे बाळा, होईल मज आनंद.

आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक माझे शेरे वाचायला मागून न्यायचे. मला वाटायचं, आपण पोरांना कवितेची गोडी लावतोय. खरं सांगायचं तर कौतुक मलाच हवं होतं.

आता टॅबकडे येते. गेल्या वर्षी पुण्याहून मुलाने टॅब पाठवला. माझ्याकडे तोवर बटणांचा फोन होता आणि मी त्यात सुखी होते. टॅबचं खोकं मी आठ दिवस देवघराच्या कोनाड्यात ठेवलं होतं. शेवटी पिशवीत घातलं आणि जिंतूरच्या बसस्टँडसमोर मोबाइलचं दुकान आहे तिथे गेले. दुकान रामकिशनचं. तोच तो, टुरूटुरू. आता पंचेचाळिशीला टेकलाय, डोक्यावरचे केस गेलेत, बडबड तेवढी शाबूत आहे.

"बाई, या, बसा. आज मी मास्तर, तुमी पोरगी," तो म्हणाला. "पर मी छडी न्हाई मारणार."

पहिला धडा बोट ठेवायचा. माझा छत्तीस वर्षांचा हात खडूचा. मी काचेवर बोट असं दाबायची की चित्रं थरथरायला लागायची आणि जागची हलायची.

"बाई, लय दाबू नका. फळा न्हाई तो. नुस्तं शिवायचं आन् सोडायचं. दाबून धरलं की त्याला वाटतं तुमाला दुसरं काई करायचंय."

शिवणं वेगळं आणि दाबून धरणं वेगळं, हे समजायला मला तीन दिवस लागले. त्यातून म्हातारपणी बोटं कोरडी पडतात, मग काच बोटाला दादच देत नाही. रामकिशनने उपाय सांगितला, हात धुऊन, पुसून, किंचित ओल राहिली की बसा. मी विचार करत बसले की पडदा काळा व्हायचा. कवीला विचार करायला वेळ लागतो हे यंत्राला कोण सांगणार? त्याने सेटिंगमध्ये जाऊन पडदा दहा मिनिटं जागा राहील असं करून दिलं.

निरोपांचं ते हिरवं अॅप, नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्याने टॅबवर घातलं. सहा आकडे माझ्या बटणांच्या फोनवर आले, ते मी मोठ्याने वाचले आणि त्याने टॅबवर भरले. म्हणजे नंबर जुनाच, घर तेवढं नवं.

मराठी लिहिणं हे मोठंच प्रकरण निघालं. बटणांनी जोडाक्षर करायचं तर पाय मोडायचा, मग पुढचं अक्षर शोधायचं, तोवर ओळ डोक्यातून निघून जायची. बोलून लिहिण्याची सोय आहे, पण मी 'उन्हं कलली' म्हटलं की तिथे 'उणे कळली' उमटायचं. मी बेजार झाले. तेव्हा रामकिशनने कीबोर्डच्या भाषांमध्ये जाऊन मराठीचा एक वेगळा प्रकार चालू केला. त्यात खाली एक कोरी पट्टी येते. तिच्यावर बोटाने लिहायचं, आणि वर तो शब्द छापून येतो.

मी वळणदार अक्षरात, शिरोरेघ देऊन 'आकाश' लिहिलं. मध्ये जरा थांबले तर त्याने 'आका' एवढंच उचललं. न थांबता लिहायचं, एवढीच अट. दुसऱ्यांदा बरोबर आलं. मी रामकिशनकडे अभिमानाने पाहिलं. म्हटलं, "पाहिलंस? अक्षर चांगलं असलं की यंत्रालाही कळतं."

"तसं काई न्हाई, बाई," म्हणून त्याने टॅब ओढला आणि आपल्या त्या जगप्रसिद्ध गिचमिड अक्षरात, रेघ न देता, काहीतरी खरडलं. वर स्वच्छ छापून आलं, 'रामकिशन'.

"त्याला समदं चालतं," तो म्हणाला. "शेरा न्हाई मारत."

तो हसला, मीही हसले. पण तो शब्द मला कुठेतरी टोचला. का टोचला ते तेव्हा कळलं नाही.

कवितांना माझ्याकडे तोटा नव्हता. चाळीस वर्षांच्या वह्या होत्या. रामकिशनने सातवीच्या तीन-चार वर्षांच्या तुकड्यांतल्या पोरापोरींचे नंबर गोळा करून एक ग्रुप बनवला आणि मी पहिली कविता टाकली. टाकली म्हणजे काय, तर ओळ संपली की मी तो बाणाचा हिरवा गोळा दाबत होते. मला वाटलं त्याने पुढची ओळ येते. त्याने ओळ रवाना होते. चौदा ओळींची कविता चौदा तुकड्यांत गेली, आणि मधे मधे लोकांचे गुलाबाचे फोटो आणि शुभ सकाळ. सातव्या आणि आठव्या ओळीच्या मध्ये कुणीतरी खताच्या दुकानाची जाहिरात चिकटवली.

त्यावर रामकिशनने सांगितलं की कविता आधी नोंदवहीच्या अॅपमध्ये पूर्ण लिहायची, तिथे दाबून धरायचं, 'सर्व निवडा', मग 'कॉपी', मग इकडे येऊन दाबून धरायचं आणि 'पेस्ट'. चूक राहिली तर पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येते. पाठवलेलं सगळ्यांच्या फोनांतून पुसायचं असेल तर दोन-अडीच दिवसांची मुदत. त्यानंतर फक्त आपल्याकडून पुसलं जातं, त्यांच्याकडे राहतंच.

आणि ग्रुपऐवजी त्याने मला ब्रॉडकास्ट लिस्ट करून दिली. यात एकदाच लिहायचं आणि यादीतल्या प्रत्येकाला ते वेगवेगळं जातं, जणू त्याला एकट्यालाच लिहिलंय. उत्तरही एकट्या मला येतं. गुलाब नाहीत, खत नाही. ही सोय माझ्या जिवाला फार मानवली. दर रविवारी सकाळी एक कविता.

त्यातही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट निराळीच होती. पाठवलेल्या कवितेवर बोट दाबून धरलं आणि माहितीवर गेलं की नावांची यादी दिसते, कुणाला पोहोचली, कुणी वाचली. अगदी हजेरीपट. रविवारी दुपारी जेवण झालं की मी चष्मा लावून हजेरी घ्यायला बसायची. अमका हजर, तमकी गैरहजर. हाडाची मास्तरीण, सवय जाते थोडीच?

उत्तरं भरभरून यायची. रामकिशनने तर आपलं जुनं प्रगतिपुस्तक शोधून त्या टुरूटुरूचा फोटो पाठवला. ते पाहून बाकीच्यांनीही पाठवले. कुणी गंगाखेडला साखर कारखान्यात आहे, कुणी परभणीला कारकून, कुणी आता स्वतःच शिक्षिका. पिवळी पडलेली पानं आणि त्यावर माझं अक्षर. मी एवढी फुगले की काय सांगू. मुलाला फोन करून म्हटलं, "बघ, पुस्तक नाही निघालं माझं, पण घरोघरी एकेक पान आहे."

मग एकीचा निरोप आला. तिचं नाव देत नाही, तिचा काही दोष नाही. तिने लिहिलं होतं, "बाई, चंद्रकलेचा शेरा आठवतो का? काय हसलो होतो आम्ही!" पुढे हसणारे पाच चेहरे.

आठवला. दोन्ही ओळी आठवल्या.

चंद्रकला सातवीत होती. कोरडवाहू दोन एकरवाल्या घरची थोरली पोर. कापूस फुटला की अर्धा दिवस रानात, मग धावत शाळेत. बोंडांनी बोटं ओरबाडलेली असायची, पेन नीट धरता यायचं नाही, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं. डोकं बरं होतं. गणितं तोंडी करायची. पण मला अक्षराचं भारी वेड, आणि वाईट अक्षराची चीड. दिवाळीआधीच्या प्रगतिपुस्तकात मी लिहिलं:

अक्षर जणू कोंबडी नाचली सारवल्या अंगणात,
शाळेपेक्षा शोभेल ही कापसाच्या रानात.

वर्गात वाचलं. सगळे हसले. तीही हसली असं मला आठवत होतं, किंवा तसं आठवणं सोयीचं होतं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी ती आली, पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दाराशी जाऊन उभी राहिली. मी फळ्यावर तारीख लिहीत होते. "जागेवर बस," असं मी न बघताच म्हटलं. वळून पाहिलं तेव्हा दारात कुणी नव्हतं. पुस्तकात पालकाच्या सहीच्या जागी निळा अंगठा होता. मी ते गठ्ठ्यात लावून टाकलं. ती पुन्हा शाळेत आली नाही. दोन महिन्यांनी मी पटावरून नाव कमी केलं. तिथेही एक रकाना असतो, कारणाचा. मी लिहिलं, 'शेतीकाम'. हेही सुंदर अक्षरात.

अशा कितीतरी पोरी गळायच्या. आम्ही घरी जाऊन आई-बापाला समजवावं असा नियम होता, आणि पुष्कळ वेळा मी गेलेही आहे. चंद्रकलेकडे गेले नाही. कापसाचे दिवस, बाप ऐकणार नाही, असं स्वतःला सांगितलं.

तो पाच चेहऱ्यांचा निरोप आल्यावर माझं कशात लक्ष लागेना. तिचं मी भर वर्गात हसं केलं, म्हणून तिने शाळा सोडली, हे आता मला लख्ख दिसत होतं. तिचा नंबर मिळवायचा आणि तिची क्षमा मागायची, एवढंच मनात होतं. माझं वय बहात्तर. ही गोष्ट तशीच ठेवून मला जायचं नव्हतं. तिच्या माहेरच्या एकाकडून नंबर मिळाला. सासर मानवत रोडवरच्या एका गावात, नवरा शेती करतो, थोरली मुलगी बारावीला. मी नंबर टॅबमध्ये भरला आणि तिला रविवारच्या यादीत घेतलं. म्हटलं, आधी दोन-चार कविता जाऊ देत, तिच्याकडून काही येऊ दे, मग बोलू. सरळ बोलायचं धाडस नव्हतं, हे त्याचं खरं कारण.

पहिला रविवार. हजेरी घेतली. पोहोचलेल्यांत चंद्रकला नाही. दुसरा रविवार, नाही. असे चार महिने गेले. बाकीच्यांच्या नावापुढे वेळ दिसायची, तिचं नाव खालीच. मी मनाशी ठरवलं की ती रागावली आहे. तिने माझी कविता दारातच अडवली आहे आणि ते बरोबरच आहे. एकदा तर मी तिच्या रागावरच एक कविता केली. तीही यादीतून पाठवली, अर्थात नाव न घेता. तीही पोहोचली नाही.

शेवटी रामकिशनला विचारलं. त्याने टॅब बघितला आणि कपाळाला हात लावला.

"बाई, राग कशाचा आलाय? या लिस्टीतनं पाठवलेलं, ज्याच्या फोनात तुमचा नंबर सेव्ह हाय, त्यालाच जातं. तिच्याकडं तुमचा नंबरच न्हाई. तिला ठाऊकच न्हाई तुमी काई पाठवायलात म्हणून."

"मग बाकीच्यांना कसं गेलं?"

"मीच समद्यांना सांगितलं व्हतं, बाईचा नंबर सेव्ह करा म्हणून. तिला तुमी मागून घातलं, मला बोललाच न्हाईत."

चार महिने मी तिच्या रागाशी बोलत होते, आणि तिकडे राग नव्हता, काहीच नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण उलटंच झालं. ज्या माणसाला आपण दुखावलं त्याने आपल्याला निदान लक्षात ठेवलं असेल, असा एक अहंकार असतो. तोही गेला.

"इलाज साधा हाय," रामकिशन म्हणाला. "तिच्या एकटीच्या नावावर जा आन् लिहा. ते जाईल. आन् बाई, कवितेत नका लिहू. साधं लिहा."

मी कवितेतच लिहिलं. बारा ओळी. दोन दिवस खपून. वर्गात तुझं हसं केलं, त्याची सल राहिली, असं काहीसं. आता वाचते तर त्यात चंद्रकला कमी आणि माझं यमक जास्त आहे. पण तेव्हा मला ती चांगली वाटली, हे कबूल करते.

दुपारी पाठवली. एक खूण आली, मग दोन. म्हणजे पोहोचली. संध्याकाळी दोन्ही निळ्या झाल्या. म्हणजे उघडली. मग वर 'रेकॉर्डिंग' असं आलं, गेलं, पुन्हा आलं. मी देवापुढे दिवा लावायचा विसरून ते बघत बसले. शेवटी आवाजाचा निरोप आला. बाणावर बोट ठेवलं. शिवलं आणि सोडलं.

"नमस्कार बाई, मी चंद्रकला. तुमी मला हुडकलं, लय बरं वाटलं. बाई, मला वाचाय येतं थोडं, पर एवढं लांब न्हाई येत. पोरीनं वाचून दावली कविता. दोनदा वाचाय लावली. लय चांगली हाय. पर बाई, वर्गात हसले त्याचं मला काई वाटलं न्हाई, खरं सांगायलेय. समद्यालाच हसायचो की आमी. रामकिशनला किती हसलो."

निरोपात मधेच मागे कुठेतरी बादलीचा आवाज.

"मग ते बुक घरी नेलं. आबाला वाचाय येत न्हवतं. त्यानं दुकानदाराकडं नेलं. दुकानदारानं वाचून सांगितलं, बाईनं लिवलंय, ही शाळेपेक्षा रानात बरी. खाली बाईची सही हाय, हेडमास्तरचा शिक्का हाय. आबा म्हणला, बाईच म्हणायल्यात तर कशाला धाडायचं? मी लय रडले, बाई. म्हणलं, आबा, ती कविता हाय, गंमत हाय. तर म्हणला, येडी का काय, शिक्का मारून कुणी गंमत करतं का? त्यानं अंगठा दिला, आन् म्हणला, बुक तेवढं देऊन ये. मी आले व्हते, बाई. मला वाटलं तुमी म्हणाल, बस. तुमी म्हणलात बी. पर तुमी मागं बघितलं न्हाई, मग मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणायलात."

निरोप अजून संपला नव्हता.

"माफी-बिफी नका मागू, बाई. लेकरं हायत, घर हाय, समदं चांगलं हाय. पर एक काम करा. ती ओळ माझ्या तोंडातून जात न्हाई. कापूस यचताना येती, भाकरी थापताना येती. चालीवर हाय ना ती. पयली ओळ राहू द्या, ती खरी हाय, अक्षर तसंच व्हतं माझं. दुसरी तेवढी बदलून द्या."

मी तो निरोप किती वेळा ऐकला ते सांगत नाही. मला आजवर वाटत होतं, मी तिचं हसं केलं हा माझा गुन्हा. तो तिने कधीच धरला नव्हता. तिच्या बापाने माझ्यावर विश्वास ठेवला, हे घडलं होतं. शिकलेल्या बाईने, सरकारी पुस्तकात, सही-शिक्क्यानिशी लिहिलंय, म्हणजे पोरीच्या भल्याचंच असणार. त्या गावात बाईचा शब्द म्हणजे काय, हे मला माहीत होतं. पोरीचं लग्न, दवाखाना, बँकेचा कागद, लोक मला विचारून करायचे, आणि मला ते फार आवडायचं. तरीही त्या ओळीला मी शब्द मानलंच नाही, यमक मानलं. आणि मग कारणाच्या रकान्यात 'शेतीकाम' लिहिलं, ज्याचं कारण मीच होते.

माझ्या शेकडो कवितांपैकी कुणाला एखादी ओळ पाठ असेल असं मला वाटत नाही. रविवारच्या यादीतले लोक अंगठ्याचं चित्र पाठवतात आणि विसरतात. ते रास्तच आहे. एकीला मात्र माझी एक ओळ तीस वर्षं पाठ आहे.

दुसरी ओळ लिहायला मला अकरा दिवस लागले. काचेच्या पट्टीवर लिहायचं आणि पुसायचं. 'शाळेमध्ये शोभेल ही' असं सोपं करून पाहिलं, पण ते खोटं होतं, ती शाळेत आता नव्हती. 'लेक शिकेल, नाव काढेल' असं काहीतरी केलं, तर ते मलाच सुटकेचं वाटलं. शेवटी एक ओळ सुचली. ती मी लिहून पाठवली नाही, कारण पुन्हा कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागली असती. माइकच्या चित्रावर बोट दाबून धरलं. या वेळी दाबून धरायचंच होतं. आणि जुन्या चालीवर म्हटलं:

अक्षर जणू कोंबडी नाचली सारवल्या अंगणात,
हात धरून गिरवून घेणं होतं बाईंच्या हातात.

बोट उचललं, निरोप गेला. आवाज समोरच्याने ऐकला की त्याच्याजवळचं माइकचं चित्र निळं होतं. ते झालं. उत्तर आलं दुसऱ्या दिवशी.

"चांगली हाय, बाई. लय चांगली हाय. पाठ करायलेय. पर तोंडात जुनीच येती."

मी पुन्हा माइक दाबून म्हटलं, "रोज दहा वेळा म्हण." सवयीने बोलून गेले.

पुढच्या निरोपात ती हसली. "बाई, तुमी अजून बाईच ऱ्हायलात. म्हणते. पर तुमी ऐकायचं."

आता रविवारची यादी मी बंद केली आहे. रामकिशन विचारतो, "बाई, कविता का न्हाई?" मी म्हणते, शिकवणी चालू आहे. रोज संध्याकाळी चंद्रकलेचा आवाज येतो, वीस-बावीस सेकंदांचा. ती पहिली ओळ खणखणीत म्हणते. मग थांबते. मग नवी ओळ म्हणते, न चुकता, एकेक शब्द. त्या थांबण्यात ती मनात कोणती ओळ म्हणून घेते, ते मला दर वेळी ऐकू येतं.